विश्लेषण : एकाच मर्यादेचे तीन अर्थ! सर्व्हरवरची गर्दी मोजतात कशी?

शनिवार, १२ एप्रिल २०२५ रोजी दुपारच्या आधीच देशभरातील यूपीआय व्यवहार अडकू लागले. ते सुरळीत होण्यास जवळपास पाच तास लागले. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या (एनपीसीआय) तपासात जे कारण पुढे आले, त्यात नव्या व्यवहारांपेक्षा जुन्या चौकशांचा वाटा मोठा होता. ‘या व्यवहाराचे पुढे काय झाले?’ असे विचारणाऱ्या विनंत्या काही बँकांच्या यंत्रणांकडून पुन्हा पुन्हा येत होत्या. त्यांतल्या काही तर आधीच्या, जुन्या व्यवहारांबद्दलच्या होत्या. पैसे पाठवण्याच्या वाटेवर चौकशांचीच गर्दी झाली.

अशा गर्दीला आवर घालण्यासाठी सर्व्हरच्या दाराशी मर्यादा लावली जाते. संगणकाच्या भाषेत त्याला ‘रेट लिमिटिंग’ म्हणतात. ‘एका ग्राहकाला मिनिटाला ६० विनंत्या’ असा नियम ऐकायला अगदी स्पष्ट वाटतो. पण ‘मिनिट’ म्हणजे घड्याळातले मिनिट की मागचे ६० सेकंद? आणि ६० विनंत्या एकाच क्षणी आल्या तर चालेल का? याची उत्तरे कशी दिली जातात, यावर दाराशी असलेल्या राखणदाराचे वागणे ठरते. एरवी फरक जाणवत नाही. अचानक लोंढा आला की तो उघड होतो.

लोंढा येतो कसा?

माणसे सर्व्हरला सहसा बेजार करत नाहीत, प्रोग्राम करतात. समजा, एका बँकेच्या यंत्रणेत ६० व्यवहार अधांतरी आहेत. त्यांची स्थिती विचारणाऱ्या ६० विनंत्या ती सकाळी १० वाजून ० मिनिटे ५५ सेकंदांनी एकदम पाठवते. दहा सेकंदांत उत्तर आले नाही, तर पुन्हा विचारायचे अशी सूचना प्रोग्राममध्ये लिहिलेली आहे. समोरचा सर्व्हर आधीच दमलेला असल्याने उत्तरे रखडतात. म्हणून १० वाजून १ मिनिट ५ सेकंदांनी तेच ६० प्रश्न पुन्हा निघतात. पहिल्या रांगेवर दुसरी रांग चढते, त्यामुळे उत्तरे आणखी रखडतात आणि तिसरी रांग तयार होते. सर्व्हरचा संथपणाच नव्या विनंत्यांना जन्म देतो. म्हणून कितीही वेगवान यंत्रे घेतली तरी दाराशी मोजणी लागतेच.

हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. यापुढे हेच दोन लोंढे समोर ठेवू. ६० विनंत्यांचा पहिला लोंढा १०:००:५५ ला आणि तेवढाच दुसरा १०:०१:०५ ला येतो. दोन्हींमध्ये अंतर दहा सेकंदांचे आहे आणि मर्यादा मिनिटाला ६० विनंत्यांची आहे. त्याआधी या बँकेकडून काहीच आलेले नाही. आता तीन राखणदार काय करतात ते पाहू.

‘फिक्स्ड विंडो’ म्हणजे काय?

सर्वात सोपी पद्धत म्हणजे ‘फिक्स्ड विंडो’, अर्थात ठरावीक कालखंड. घड्याळातले प्रत्येक मिनिट हा एक खंड. मिनिट सुरू झाले की मोजणी शून्यावर येते. विनंती आली की आकडा एकने वाढतो. तो ६० झाला की पुढच्या विनंत्यांना नकार मिळतो. एका ग्राहकामागे एकच आकडा लक्षात ठेवावा लागतो, त्यामुळे ही पद्धत स्वस्त आहे आणि ग्राहकालाही समजते. सॉफ्टवेअर साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाची प्रोग्रामसाठीची मर्यादा तासाच्या हिशेबात असते. ओळख न देता तासाला ६० विनंत्या आणि ओळख दिल्यास सर्वसाधारणपणे ५,०००. किती शिल्लक आहेत आणि मोजणी पुन्हा शून्यावर कधी येणार, हेही प्रत्येक उत्तरासोबत कळवले जाते.

आपल्या उदाहरणात पहिला लोंढा १० वाजताच्या मिनिटात मोडतो. साठ विनंत्या म्हणजे मर्यादेइतक्याच, त्यामुळे सगळ्या आत जातात. दुसरा लोंढा दहा सेकंदांनी येतो, पण तोवर १० वाजून १ मिनिटाचा नवा खंड सुरू झालेला असतो. आकडा शून्यावर आलेला आहे, म्हणून याही साठ आत जातात. नियम मिनिटाला ६० चा आणि प्रत्यक्षात दहा सेकंदांत १२० विनंत्या आत! राखणदाराने कोणतीही चूक केलेली नाही, त्याच्या वहीत दोन्ही मिनिटांचा हिशेब चोख आहे. दोन खंडांच्या सीमारेषेवर मर्यादा दुप्पट होते, हा या पद्धतीचा मूळ दोष आहे.

दुसरा दोष जास्त त्रासदायक आहे. ज्यांना नकार मिळाला ते सगळे मिनिट बदलण्याची वाट पाहतात. तत्काळ तिकिटांसाठी सकाळी दहाच्या ठोक्याला जशी झुंबड उडते, तशीच झुंबड इथे दर मिनिटाच्या पहिल्या सेकंदाला उडू शकते. बँक एक नसून शंभर असतील, तर शंभर जणांचे रांगेतले प्रश्न एकाच सेकंदात येऊन धडकतात. लोंढा थोपवण्यासाठी बसवलेली व्यवस्था अशा वेळी स्वतःच लोंढा घडवते. सर्व्हरवरील भाराचा आलेख पाहिला, की हे लगेच ओळखता येते. दर मिनिटाच्या सुरुवातीला उंच सुळका आणि नंतर उतार, अशी करवतीच्या दात्यांसारखी आकृती दिसते.

‘स्लायडिंग विंडो’ ही फट बुजवते का?

बुजवते, पण किंमत घेऊन. ‘स्लायडिंग विंडो’ म्हणजे सरकता कालखंड. इथे घड्याळातले मिनिट पाहिले जात नाही. विनंती ज्या क्षणी आली, त्या क्षणापासून मागचे ६० सेकंद मोजले जातात. त्यासाठी आत सोडलेल्या प्रत्येक विनंतीची वेळ नोंदवून ठेवावी लागते. नवी विनंती आली की ६० सेकंदांपेक्षा जुन्या नोंदी खोडायच्या आणि उरलेल्या मोजायच्या.

आता तेच दोन लोंढे पाहा. पहिल्या साठ विनंत्या आत गेल्या. दहा सेकंदांनी दुसरा लोंढा आला, तेव्हा मागच्या ६० सेकंदांत साठ नोंदी आहेतच. म्हणून दुसऱ्या लोंढ्यातली एकही विनंती आत जात नाही. पुढची जागा थेट १०:०१:५५ नंतर मिळते. कोणतेही ६० सेकंद निवडले, तरी आत गेलेल्या विनंत्या ६० पेक्षा जास्त भरत नाहीत. नियमात जे लिहिले आहे, तेच ही पद्धत शब्दशः पाळते.

अडचण जागेची आहे. एका ग्राहकाच्या साठ नोंदी किरकोळ वाटतात. पण ग्राहक एक कोटी असतील आणि प्रत्येकाने मर्यादा गाठली, तर ६० कोटी नोंदी होतात. एका नोंदीला ८ बाइट धरले तरी केवळ वेळा लिहायला सुमारे ४.८ गिगाबाइट स्मृती लागते, आणि ती झटपट वाचता येईल अशीच हवी. आणखी एक बारकावा आहे. काही ठिकाणी नाकारलेल्या विनंत्यांचीही वेळ नोंदवली जाते. मग जो प्रोग्राम न थांबता विचारतच राहतो, त्याच्या नोंदी कधीच ६० च्या खाली येत नाहीत आणि त्याला कायमच नकार मिळतो. हट्टी प्रोग्रामला धडा शिकवायचा असेल तर हे योग्य आहे. नकळत तसे झाले असेल, तर मात्र प्रामाणिक ग्राहक अडकून पडतो.

मधला मार्ग कोणता?

सगळ्या वेळा न लिहिता अंदाज बांधायचा, हा मधला मार्ग. मागच्या मिनिटाचा एक आकडा आणि चालू मिनिटाचा एक आकडा, एवढेच ठेवायचे. १०:०१:०५ ला मागचे ६० सेकंद मोजायचे, तर त्यातले ५५ सेकंद आधीच्या मिनिटात पडतात आणि ५ सेकंद चालू मिनिटात. म्हणून आधीच्या मिनिटातील ६० विनंत्यांचा ६० पैकी ५५ इतका हिस्सा धरायचा, म्हणजे ५५ विनंत्या. मर्यादा ६० ची असल्याने शिल्लक राहते ५. दुसऱ्या लोंढ्यातल्या फक्त पाच विनंत्या आत जातात आणि ५५ परत फिरतात.

काटेकोर हिशेबाने या पाचही जायला नको होत्या. आधीच्या मिनिटातल्या विनंत्या साऱ्या मिनिटभर सारख्या पसरलेल्या होत्या, असे ही पद्धत गृहीत धरते. प्रत्यक्षात त्या शेवटच्या पाच सेकंदांत आल्या होत्या. ही चूक उलट दिशेनेही होते. समजा, पहिला लोंढा १०:००:०५ ला आला आणि दुसरा १०:०१:१० ला. मधे पूर्ण ६५ सेकंद गेले आहेत, म्हणजे नियमाने साठच्या साठ विनंत्यांना वाट मिळायला हवी. पण अंदाज सांगतो की आधीच्या मिनिटाचे ६० पैकी ५० धरायचे, आणि मग फक्त १० विनंत्या आत जातात. निर्दोष ग्राहकाला पन्नास नकार मिळतात.

तरीही ही पद्धत लोकप्रिय आहे, कारण रोजची वर्दळ इतकी टोकाची नसते. संकेतस्थळांना सुरक्षा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने २०१७ मध्ये या पद्धतीची माहिती देताना आपला अनुभव मांडला होता. २ लाख ७० हजार ठिकाणांहून आलेल्या ४० कोटी विनंत्यांपैकी अवघ्या ०.००३ टक्के विनंत्यांबाबत निर्णय चुकला होता. प्रत्येक ग्राहकामागे दोनच आकडे लागत असतील, तर एवढी चूक बहुतेकांना परवडते.

‘टोकन बकेट’चा हिशेब वेगळा कसा?

वरच्या पद्धती मागे वळून पाहतात आणि किती विनंत्या झाल्या ते मोजतात. ‘टोकन बकेट’ शिल्लक मोजते. बारीक धारेच्या नळाखाली ठेवलेला रांजण डोळ्यांसमोर आणावा. नळातून ठरावीक वेगाने पाणी पडते. रांजण भरला की जास्तीचे पाणी वाहून जाते, साठत नाही. घरात पाहुणे आले तर साठलेले पाणी भराभर काढता येते. पण रांजण रिकामा झाला की नळाच्या धारेइतकेच मिळते. इथे पाण्याच्या जागी टोकन असतात. प्रत्येक विनंती एक टोकन खर्च करते आणि टोकन नसेल तर नकार मिळतो.

प्रत्यक्षात कोणी दर सेकंदाला टोकन टाकत बसत नाही. शिल्लक किती आणि शेवटचा हिशेब कधी केला, या दोनच गोष्टी जपल्या जातात. विनंती आली की मधल्या काळात किती टोकन जमले असते ते काढून शिल्लक वाढवायची, मात्र रांजणाच्या मापापलीकडे जाऊ द्यायची नाही. त्यामुळे ग्राहक कोटीभर असले तरी जागा थोडी लागते.

सेकंदाला एक टोकन आणि रांजणाचे माप ६०, असे ठरवून आपले उदाहरण पाहू. पहिला लोंढा येतो तेव्हा रांजण भरलेला आहे, म्हणून साठही विनंत्या आत जातात आणि रांजण रिकामा होतो. दहा सेकंदांनी दुसरा लोंढा येतो. तोवर दहा टोकन जमलेले असतात. दहा विनंत्या आत जातात आणि पन्नास परत फिरतात. म्हणजे दहा सेकंदांत एकूण ७०. फिक्स्ड विंडोत हाच आकडा १२० होता.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. सलग ६० सेकंदांचा विचार केला, तर भरलेल्या रांजणातले ६० आणि त्या मिनिटभरात जमणारे जवळपास ६०, असे साधारण १२० टोकन या पद्धतीतही खर्च होऊ शकतात. एकूण आकडा फिक्स्ड विंडोइतकाच. फरक त्यांच्या वाटणीत आहे. फिक्स्ड विंडोत ते सगळे दहा सेकंदांत कोसळू शकतात. टोकन बकेटमध्ये पहिल्या साठांनंतर पुढचे सेकंदाला एक या गतीनेच येतात. सर्व्हरला मिनिटाच्या बेरजेपेक्षा एका क्षणी अंगावर येणारा भार जड जातो, म्हणून हा फरक महत्त्वाचा ठरतो.

रांजण लहान केला तर?

टोकन बकेटची खरी ताकद इथे आहे. तिच्यात दोन स्वतंत्र किल्ल्या आहेत. नळाची धार दीर्घकालीन सरासरी ठरवते आणि रांजणाचे माप एकदम किती सोसायचे ते ठरवते. धार तीच ठेवून माप ६० वरून १० वर आणले, तर पहिल्या लोंढ्यातल्या दहाच विनंत्या आत जातील आणि पन्नास परत फिरतील. दहा सेकंदांनी पुन्हा दहाच जातील. मिनिटाची सरासरी जवळपास तीच राहते, पण सर्व्हरवर एका क्षणी दहापेक्षा जास्त भार येतच नाही. अ‍ॅमेझॉनच्या ‘एपीआय गेटवे’ या सेवेत म्हणूनच गतीसाठी एक आणि लोंढ्यासाठी दुसरा, असे दोन आकडे ठरवावे लागतात. ती सेवा टोकन बकेटवर चालते.

स्लायडिंग विंडोत ही सोय नाही. ती नियम काटेकोर पाळते, पण साठ विनंत्या एकाच क्षणी आल्या तर त्या खुशाल आत सोडते. १०:०१:५५ ला जुन्या साठही नोंदी एकदम खोडल्या जातात आणि पुढच्या साठांना पुन्हा एकाच क्षणी वाट मोकळी होते. तिला बेरीज कळते, लय कळत नाही. रांजण फार लहान ठेवण्यातही धोका आहेच. मोबाइलमधले अ‍ॅप उघडताना चित्रे, सूचना, खात्याची माहिती अशा दहा-पंधरा विनंत्या एकदम पाठवते. रांजणाचे माप पाचच ठेवले, तर साध्या ग्राहकाचे अ‍ॅप अर्धेच उघडेल.

मग कुठे काय वापरावे?

काय जपायचे आहे, त्यावर हे ठरते. ओटीपी टाकण्याच्या प्रयत्नांना दहा मिनिटांत पाचची मर्यादा असेल, तर फिक्स्ड विंडोत सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना मिळून दहा प्रयत्न मिळतात. अंदाजाने ओटीपी ओळखू पाहणाऱ्याला हे वरदानच. इथे नोंदी पाचच असल्याने जागेचा प्रश्न नाही, म्हणून काटेकोर स्लायडिंग विंडो बरी. दिवसभराचा किंवा महिन्याचा कोटा मोजायचा असेल, तर एखाद्या सीमारेषेवरची गर्दी फारशी बिघडवत नाही. तिथे फिक्स्ड विंडोचा साधेपणा उपयोगी पडतो. सर्व्हर कोसळू द्यायचा नाही, हाच हेतू असेल, तर बेताच्या मापाची टोकन बकेट.

तिन्ही पद्धतींना एक अडचण सारखीच भेडसावते. मोठ्या सेवेचे दार एक नसते, एकाच वेळी अनेक सर्व्हर विनंत्या स्वीकारतात. दोघांनी एकाच क्षणी आकडा वाचला, दोघांनाही ५९ दिसला आणि दोघांनीही एकेक विनंती आत सोडली, तर ६१ होतात. म्हणून आकडा वाचणे आणि वाढवणे ही एकच अखंड क्रिया असावी लागते. असे लहान निसटणे लोंढ्याच्या वेळीच वाढते, कारण त्याच वेळी अनेक हात एका वहीकडे जातात.

नकार मिळाल्यावर काय?

मर्यादा ओलांडली की सर्व्हर ‘429 Too Many Requests’ असे उत्तर देतो. या क्रमांकाचा अर्थ २०१२ मध्ये इंटरनेटच्या मानकांत निश्चित झाला. सोबत ‘Retry-After’ या नावाने किती वेळ थांबावे, हेही सांगता येते. समोरच्या प्रोग्रामने हे ऐकले तरच लोंढा ओसरतो. नकार मिळताच पुन्हा विचारणारा प्रोग्राम राखणदाराला उत्तर देण्यातच गुंतवून ठेवतो. म्हणून प्रत्येक नकारानंतर थांबण्याची वेळ दुप्पट करावी आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवावा, असा प्रघात आहे. पहिला ९ सेकंदांनी परतेल, दुसरा ११ सेकंदांनी, आणि सगळे पुन्हा एकाच ठोक्याला दारात उभे राहणार नाहीत.

एप्रिलच्या घटनेनंतर एनपीसीआयने याच दिशेने पावले टाकली. एका व्यवहाराची स्थिती बँकांनी दोन तासांत जास्तीत जास्त ३ वेळाच विचारावी, अशी सूचना आली. १ ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपमधून खात्यातील शिल्लक दिवसाला ५० वेळा आणि मोबाइल क्रमांकाशी जोडलेल्या खात्यांची यादी २५ वेळाच पाहता येते. यशस्वी व्यवहारानंतर शिल्लक आपोआप कळवण्यासही बँकांना सांगण्यात आले, म्हणजे ती वेगळी विचारण्याची गरजच कमी व्हावी. मात्र दिवसाला ५० हा आकडा एका ग्राहकाला आवरतो, एका क्षणाला नाही. कोट्यवधी ग्राहकांनी पहिलीच चौकशी एकाच मिनिटात केली, तर प्रत्येक जण मर्यादेतच असेल आणि तरीही रांग लागेल. त्या क्षणासाठी ग्राहकाच्या कोट्याखेरीज संपूर्ण यंत्रणेच्या दाराशी वेगळी मर्यादा लागते, आणि तिच्या रांजणाचे माप यंत्रणा एका सेकंदात किती पेलू शकते, त्यावरून ठरवावे लागते.